नवे किती आणि आहेत किती?

शिक्षकांसाठी सार्वजनिक आरोग्याचा एक छोटा अभ्यासक्रम आम्ही काही मित्र मिळून घेतो. त्यासाठी एक अभ्याससंच तयार केला आहे. त्यात कुष्ठरोगाच्या प्रकरणात, एकाच पानावर, दोन आकडे आम्ही दिले होते. पहिला असा : ‘३१ मार्च २०१७ रोजी भारतात कुष्ठरोगाचे ८८,१६६ रुग्ण नोंदीवर होते.’ आणि दुसरा असा : ‘२०१६-१७ या वर्षात देशात कुष्ठरोगाचे १,३५,४८५ नवे रुग्ण सापडले.’

एका वर्गात हे पान वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एका बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, “सर, छपाईची चूक झालीये का? आमच्या शाळेत यंदा चाळीस मुलं नवी दाखल झाली आणि पटावर मात्र सव्वीसच आहेत, असं मी लिहून पाठवलं तर केंद्रप्रमुख मला उभं करतील!”

वर्ग हसला. पण शंका अगदी रास्त होती. एकूण रुग्णांपेक्षा नवे रुग्ण जास्त कसे? आम्ही त्या पानावर आकडे दिले होते, पण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात हे सांगितलंच नव्हतं. छपाईची चूक नव्हती, समजावण्याची होती. म्हणून संचाला आम्ही दोन पानं जोडली. तीच जरा विस्ताराने इथे देत आहोत.

दाखल रजिस्टर आणि हजेरीपट

वर्तमानपत्रात ‘रोगाचं प्रमाण वाढलं’, ‘प्रमाण घटलं’ असं आपण वाचतो. यातला ‘प्रमाण’ हा शब्द दोन निरनिराळ्या मापांसाठी वापरला जातो आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते.

ठरावीक काळात किती जणांना नव्याने आजार झाला, हे एक माप. त्याला इन्सिडन्स म्हणतात. आपण त्याला ‘नवरुग्ण-दर’ म्हणू. ठरावीक दिवशी किती जण आजारी आहेत, मग ते आज पडलेले असोत की दोन वर्षांपूर्वी, हे दुसरं माप. त्याला प्रिव्हॅलन्स म्हणतात. आपण त्याला ‘रुग्णव्याप्ती’ म्हणू.

शिक्षकांना हा फरक नवा नाही. शाळेत दोन्ही मापं रोज हाताशी असतात. वर्षभरात किती मुलं नवी आली ते दाखल रजिस्टरवरून कळतं. आज शाळेत किती मुलं आहेत ते पटावरून कळतं. आता एक शाळा घ्या. दरवर्षी पहिलीत ३० मुलं येतात, मधेच कोणी सोडून जात नाही आणि शाळा सातवीपर्यंत आहे. पट होईल ३० × ७ म्हणजे २१०. समजा शाळेचे वरचे तीन वर्ग बंद झाले आणि ती चौथीपर्यंतच राहिली. काही काळाने पट १२० वर येईल. दाखल होणारी मुलं मात्र तेवढीच, वर्षाला ३०. नुसता पट पाहणारा माणूस म्हणेल, ‘गावातली मुलं कमी झाली.’ मुलं कमी झालेली नाहीत, त्यांचा शाळेतला मुक्काम कमी झाला आहे.

आजाराचंही तसंच असतं. आजार होणं म्हणजे दाखल होणं. बरं होणं किंवा मृत्यू म्हणजे नाव कमी होणं. आणि रुग्णव्याप्ती म्हणजे पट.

पन्नास माणसांची वाडी

आता आकड्यांचं उदाहरण. एक वाडी आहे, पन्नास वस्तीची. वर्षभरात तिथे कोणी नवं राहायला आलं नाही, कोणी गेलं नाही. तिथे एक आजार आहे. तो झाला की सहा महिने राहतो आणि मग बरा होतो. एका वर्षात वाडीतल्या आठ जणांना हा आजार होता. तो महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतो आणि शेवटच्या तारखेला संपतो असं सोयीसाठी धरू.

अ : गेल्या वर्षीचा ऑक्टोबर ते यंदाचा मार्च
ब : गेल्या वर्षीचा डिसेंबर ते यंदाचा मे
क : फेब्रुवारी ते जुलै
ड : मार्च ते ऑगस्ट
इ : मे ते ऑक्टोबर
फ : जून ते नोव्हेंबर
ग : सप्टेंबर ते पुढचा फेब्रुवारी
ह : नोव्हेंबर ते पुढचा एप्रिल

फळ्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखून प्रत्येकाच्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली की सगळं चित्र डोळ्यांसमोर येतं. मुलांकडून जरूर काढून घ्यावं.

आधी रुग्णव्याप्ती काढू. त्यासाठी तारीख ठरवावी लागते, कारण तारखेशिवाय या मापाला अर्थ नाही. ठरवलेल्या तारखेवर उभी रेघ मारायची आणि ती किती आडव्या रेघांना छेदते ते मोजायचं. १५ जानेवारीला अ आणि ब हे दोघंच आजारी आहेत. म्हणजे ५० मध्ये २, शेकडा ४. १५ जुलैला क, ड, इ, फ असे चौघे आहेत. म्हणजे शेकडा ८. १५ डिसेंबरला ग आणि ह, पुन्हा शेकडा ४. बाराही महिन्यांच्या पंधरा तारखांची बेरीज केली तर ३८ भरते. बाराने भागलं की सरासरी तीनाहून किंचित जास्त येते. म्हणजे कोणत्याही दिवशी वाडीत गेलात तर साधारण तीन जण आजारी दिसतील.

आता नवरुग्ण-दर. इथे उभी रेघ उपयोगाची नाही. आडव्या रेघा या वर्षात किती ठिकाणी *सुरू होतात* ते मोजायचं. अ आणि ब यांची सुरुवात गेल्या वर्षीची आहे, ते मोजायचे नाहीत. उरले सहा. पण सहा कितीपैकी? पटकन तोंडात ‘पन्नासपैकी’ येतं आणि नेमकी तिथेच चूक होते. वर्ष सुरू झालं तेव्हा अ आणि ब आजारीच होते. जो आधीच पटावर आहे त्याला पुन्हा दाखल कसं करणार? नव्याने आजारी पडण्याची शक्यता फक्त ४८ जणांना होती. म्हणून ४८ पैकी ६, म्हणजे वर्षाला शेकडा साडेबारा.

एकाच वाडीचे, एकाच वर्षाचे, एकाच आजाराचे आकडे शेकडा ४, शेकडा ८ आणि शेकडा साडेबारा. तिन्ही बरोबर आहेत. ज्याने ‘किती टक्के लोकांना आजार आहे?’ असा मोघम प्रश्न विचारला त्याला यातलं कोणतंही उत्तर मिळू शकतं.

औषध आलं आणि पट उतरला

आता उदाहरणात एकच बदल करू. याच वर्षाच्या १ जानेवारीपासून वाडीत नवं औषध मिळू लागलं. त्याने आजार सहाऐवजी दोन महिन्यांत बरा होतो. पण हे औषध आजार होऊ नये म्हणून काही करत नाही, झालेला लवकर बरा करतं, एवढंच. तेव्हा क पासून ह पर्यंत सहाही जण पूर्वीच्याच महिन्यांत आजारी पडतात. रेघांची सुरुवात तीच, फक्त लांबी आखूड झाली. अ आणि ब फेब्रुवारीअखेर बरे होतात, क मार्चअखेर, ड एप्रिलअखेर, आणि असंच पुढे.

पुन्हा उभी रेघ मारा. १५ जुलैला आता फक्त फ आजारी आहे. चारावरून एकावर. १५ ऑगस्टला तर कोणीच नाही! पंधरा तारखांची बेरीज ३८ वरून १६ वर आली आहे.

आणि नवे रुग्ण? पूर्वी ४८ पैकी ६, आताही ४८ पैकी ६. एकही कमी नाही.

या ऑगस्टात कोणी पाहणीला आलं तर काय लिहून जाईल? ‘वाडीत एकही रुग्ण नाही, आजाराचं उच्चाटन झालं.’ कदाचित औषधाचा साठाही परत नेतील. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला ग आजारी पडतो तेव्हा वाडीत औषध नाही. सगळा धोका हा असा आहे. पट पाहून दाखल रजिस्टरचा निष्कर्ष काढला की असं होतं.

इथे एक सोपं सूत्र हाती लागतं :

रुग्णव्याप्ती = नवरुग्ण-दर × आजाराचा सरासरी काळ

पहिल्या वाडीत वर्षाला ६ नवे रुग्ण, काळ अर्धं वर्ष. ६ × ½ = ३. मघाशी सरासरी तीनाच्या आसपासच आली होती. हे सूत्र अंदाजापुरतं आहे. आजार बराच काळ एकाच गतीने चालू असेल आणि एकूण लोकांत रुग्णांचा वाटा लहान असेल तेव्हा ते चांगलं लागू पडतं. साथ भडकत असताना किंवा औषध नुकतंच बदललेलं असताना ते फसतं.

आता त्या बाईंच्या शंकेकडे

सूत्र उलटं फिरवू. रुग्णव्याप्तीला नवरुग्णांच्या आकड्याने भागलं की सरासरी काळ मिळायला हवा. ८८,१६६ भागिले १,३५,४८५ केलं की ०.६५ येतात. हे वर्षांत आहे. त्याचे महिने होतात ७.८, म्हणजे आठ महिन्यांना थोडे कमी.

हे आठ महिने कसले? कुष्ठरोगावरच्या बहुविध औषधोपचाराच्या तेव्हाच्या पद्धतीत, अंगावर पाचपर्यंत चट्टे असले आणि शरीरात जंतू कमी असले तर उपचार सहा महिने चालत. चट्टे जास्त किंवा जंतू जास्त असले तर बारा महिने. दोन्ही प्रकारचे रुग्ण मिळून सरासरी सहा आणि बाराच्या मधे कुठेतरी यायला हवी, आणि ती तशीच आली. छापलेले दोन्ही आकडे बरोबर होते. उपचार वर्षाच्या आतच संपत असतील तर पट दाखल संख्येपेक्षा कमीच राहणार. वर्षभरात चाळीस मुलं एका आठ महिन्यांच्या वर्गात थोडी थोडी करून आली, तर कोणत्याही दिवशी तिथे सव्वीस-सत्तावीसच दिसतील. बाईंची शाळा चेष्टेत का होईना, खरी निघाली!

पण यातून एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. इथला ‘काळ’ आजाराचा नाही, नोंदवहीत नाव राहण्याचा आहे. कुष्ठरोग कार्यक्रमात ‘रुग्ण’ म्हणजे ज्याला औषधोपचाराची गरज आहे किंवा तो चालू आहे अशी व्यक्ती. उपचार पूर्ण झाले की नाव कमी होतं. ज्याच्या हाताची संवेदना गेली आहे, बोटं वाकडी झाली आहेत, पण औषधं संपली आहेत, तो माणूस या आकड्यात नाही.

मग मागच्या काही दशकांचा इतिहास वेगळा दिसू लागतो. पूर्वी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षं, काही जणांना तर जन्मभर घ्यावं लागे. म्हणजे शाळा कित्येक इयत्तांची होती. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस प्रसिद्ध केली. जास्त जंतू असलेल्यांना तेव्हा निदान चोवीस महिने उपचार देत. नव्वदीच्या दशकाअखेरीस ते बारा महिन्यांवर आणले गेले. या निर्णयाने अशा रुग्णांचा नोंदीवरचा मुक्काम निम्मा झाला. या एका बदलापुरतं पाहिलं तर, एकाही माणसाला होणारी लागण न टळताही त्यांचा पट काही काळाने निम्म्यावर येणार होता.

याच काळात, १९९१ मध्ये, जागतिक आरोग्य परिषदेने ध्येय ठरवलं होतं : २००० सालापर्यंत कुष्ठरोग ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून उरू नये. आणि त्याची कसोटी काय? दर दहा हजारी एकापेक्षा कमी रुग्ण. म्हणजे रुग्णव्याप्तीची कसोटी. भारतात १९८३ साली हा आकडा दर दहा हजारी ५७.८ होता. डिसेंबर २००५ मध्ये तो ०.९५ झाला आणि देशाने ध्येय गाठलं असं जाहीर झालं.

हे यश खोटं होतं का? मुळीच नाही. लाखो माणसं खरोखर बरी झाली, विद्रूपतेपासून वाचली. पण ‘कुष्ठरोग संपला’ असा जो अर्थ अनेकांनी घेतला तो त्या आकड्यात नव्हता. २००६-०७ पासून पुढची दहा-अकरा वर्षं देशात दरवर्षी सापडणारे नवे रुग्ण सव्वा लाख ते एक लाख चाळीस हजार यांच्या दरम्यानच राहिले. पट उतरला होता, दाखल रजिस्टर मात्र जवळजवळ तसंच भरत होतं.

दाखल रजिस्टरवर तरी किती विश्वास?

इथे आमच्या एका चाणाक्ष विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारला. “म्हणजे नव्या रुग्णांचा आकडा खरा, असंच ना?” तेही पूर्ण खरं नाही. ‘नवे सापडलेले’ आणि ‘नवे झालेले’ यांत फरक आहे.

कुष्ठरोगाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीस वर्षंही जातात. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, त्यामुळे माणूस दवाखान्यात जात नाही. म्हणून यंदा सापडलेला रुग्ण कदाचित बऱ्याच वर्षांपूर्वीच्या लागणीचा असतो. शिवाय सापडणं शोधण्यावर अवलंबून असतं. घरोघरी जाऊन तपासणी केली तर आकडा वाढतो, कोणी गेलंच नाही तर घटतो. भारतात २०१९ मध्ये १,१४,४५१ नवे रुग्ण नोंदले गेले आणि २०२० मध्ये ६५,१४७. एका वर्षात रोग एवढा हटला नव्हता. करोनाच्या साथीत शोधमोहिमा थंडावल्या होत्या आणि लोक दवाखान्यांपर्यंत पोचत नव्हते.

म्हणून जाणकार नव्या रुग्णांच्या आकड्यासोबत आणखी दोन गोष्टी पाहतात. नव्या रुग्णांत लहान मुलं किती? मूल आठ वर्षांचं असेल तर लागण गेल्या आठ वर्षांतलीच असणार, म्हणजे संसर्ग आजही चालू आहे. आणि सापडला तेव्हाच हातापायांत किंवा डोळ्यांत दिसण्याजोगी विकृती आलेले किती? ते जास्त असतील तर आपण रुग्ण उशिरा शोधतो आहोत. नव्या रुग्णांचा आकडा घटला पण त्यांत विकृती असलेल्यांचा वाटा वाढला, तर रोग कमी झाला नसून शोध कमी झाला असण्याची शंका घ्यावी.

पट वाढणं नेहमी वाईट नसतं

उलटी बाजूही सांगायला हवी. समजा असं औषध आलं की जे आजार बरा करत नाही पण माणसाला जगवतं. मग पटावरून नाव लवकर कमी होणार नाही. मुक्काम वाढेल आणि पट फुगेल. एचआयव्हीच्या बाबतीत हेच घडलं. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांतून त्यावरची औषधं मोफत मिळू लागली. ती नियमित घेणारी माणसं अनेक वर्षं जगतात, काम करतात. नवी लागण कमी होत असतानाही एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या मोठी राहते, ती याचमुळे. अशा ठिकाणी ‘रुग्ण इतके वाढले’ अशी बातमी वाचून घाबरण्याआधी विचारावं, नवे वाढले की जुने जगले?

तेव्हा रोगाचा कोणताही आकडा पुढे आला की तीन प्रश्न विचारायची सवय मुलांना लावता येईल. हे नवे रुग्ण आहेत की असलेले सगळे? कोणत्या दिवशीचे, किंवा कोणत्या काळातले? आणि कितीपैकी?

वर्गात करून पाहायचं असेल तर मूठभर चिंचोके आणि एक ताटली पुरते. प्रत्येक टाळीला दोन चिंचोके ताटलीत टाकायचे. टाकलेला चिंचोका ताटलीत तीन टाळ्या मोजला जाईल आणि चौथ्या टाळीला बाहेर काढायचा. कोणता कधी टाकला ते कळावं म्हणून त्यावर खडूने टाळीचा आकडा लिहावा. तीन टाळ्यांनंतर ताटलीत सहा चिंचोके होतात आणि मग कितीही टाळ्या वाजवा, सहाच राहतात. आता नियम बदला, पुढच्याच टाळीला बाहेर काढा. ताटलीत दोनच उरतील. मग मुलांना विचारा, “टाकणं कमी केलं का आपण?”

त्या बाईंनी हा खेळ आपल्या सातवीच्या वर्गात घेतला. एका मुलाचं उत्तर त्यांनी आम्हाला सांगितलं : “ताटली बघून नाही कळणार बाई, टाकणाऱ्या हाताकडे बघायला पाहिजे.” अभ्याससंचाच्या पुढच्या आवृत्तीत त्या दोन आकड्यांखाली हे वाक्य आम्ही छापणार आहोत.